एका पानात खरी स्थिती कशी लिहावी?

‘मी एका प्रकल्पाची प्रमुख आहे. दर पंधरवड्याला वरिष्ठांना एका पानाचा स्टेटस रिपोर्ट पाठवते. त्यात सगळं टाकते, तरी पाठवल्यावर फोन येतोच, “म्हणजे नक्की अडलंय कुठे?” आणि अडचण स्पष्ट लिहिली तर ठपका माझ्यावर येईल, अशी भीती वाटते. काय करू?’

माझ्याकडे एक प्रोजेक्ट मॅनेजर येत असत. त्यांचीच गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ग्राहकांच्या नोंदी जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवायच्या होत्या आणि १५ जूनला नवी सिस्टिम सुरू करायची होती. १२ मे रोजी पाठवायचा रिपोर्ट ते सोबत घेऊन आले.

वर हिरवा रंग होता. त्याखाली लिहिलं होतं, ‘डेटा मायग्रेशनचं काम प्रगतिपथावर असून टीम सर्वतोपरी प्रयत्न करत आहे.’ मग पंधरवड्यात केलेल्या कामांची लांब यादी. आणि अगदी तळाला, जोखीम या मथळ्याखाली एकच ओळ: ‘डेटाच्या गुणवत्तेबाबत काही आव्हाने आहेत, त्यावर लक्ष ठेवून आहोत.’

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘आता न वाचता सांगा, काय चाललंय?’ ते सरळ बोलायला लागले. पहिल्या चाचणीत ४०,००० पैकी ३,२०० नोंदी जुळल्या नव्हत्या, म्हणजे ८ टक्के. त्यातल्या २,००० स्क्रिप्टने दुरुस्त होणार होत्या. उरलेल्या १,२०० हाताने तपासाव्या लागणार होत्या आणि त्यासाठी माणसं नव्हती. २८ मे रोजी दुसरी चाचणी होती. तिच्यात न जुळणाऱ्या नोंदी १ टक्क्याच्या आत आल्या नाहीत, तर सिस्टिम सुरू व्हायला २९ जून उजाडणार होता.

यातलं एक अक्षरही पानावर नव्हतं. का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘असं लिहिलं तर मी हात टेकले असं वाटेल.’ भीती नेमकी अशी वाक्यात उतरते. ‘काही आव्हाने’, ‘लक्ष ठेवून आहोत’, ‘लवकरच’ या शब्दांत कोणाचं नाव येत नाही आणि तारीखही येत नाही, म्हणून ते लिहायला सुरक्षित वाटतात. पण वाचणाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही, म्हणून तो फोन उचलतो.

आम्ही आधी रंग हातात घेतला. हिरवा कशाच्या आधारावर दिला, याचं त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या वेळी हिरवा होता, इतकंच. बाहेरून हिरवा आणि आतून लाल अशा प्रकल्पाला या क्षेत्रात कलिंगड म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा खोटेपणातून तयार होत नाही, नियम ठरलेला नसल्यामुळे होतो. आम्ही साधा नियम लिहिला: ठरलेली तारीख आणि खर्च बाहेरच्या मदतीशिवाय सांभाळता येणार असेल तर हिरवा, तारीख धोक्यात आहे पण ती वाचवायचा ठोस मार्ग आहे, तर पिवळा, तारीख हातची गेली आहे किंवा वाचवायचा मार्गच दिसत नाही, तर लाल. तुमच्या संस्थेत वेगळा नियम असेल तर तोच वापरा. नियम आधी ठरला की रंग ही स्वतःबद्दलची कबुली राहत नाही, ते मोजमाप होतं. त्यांचा प्रकल्प पिवळा ठरला आणि हे म्हणताना त्यांचा आवाजही सैल झाला.

मग पहिलं वाक्य. त्यात ठरलेली तारीख, आजचा अंदाज आणि मागच्या रिपोर्टनंतर काय बदललं, एवढंच हवं. ते असं झालं: ‘पिवळा. १५ जूनची तारीख अजून गाठता येईल, पण पहिल्या चाचणीत ८ टक्के नोंदी जुळल्या नाहीत. मर्यादा १ टक्का आहे.’

सगळ्यात जास्त वेळ जोखमीच्या ओळीवर गेला. तिथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होती. नोंदी न जुळणं ही घडून गेलेली अडचण होती. तारीख पुढे जाणं ही अजून न घडलेली, म्हणून टाळता येण्यासारखी जोखीम. अडचण स्थितीत गेली. जोखीम लिहिताना कारण, त्यातून काय घडू शकतं, त्याचा परिणाम आणि ते आपल्याला कधी कळेल, हे सगळं यायला हवं. नवी ओळ अशी: ‘१,२०० नोंदी हाताने तपासायला माणसं नाहीत. त्या तशाच राहिल्या तर २८ मेच्या चाचणीत ३ टक्के नोंदी चुकीच्या निघतील आणि सिस्टिम २९ जूनला सुरू होईल.’ या ओळीत कोणावर ठपका आहे का, हे त्यांना पुन्हा पुन्हा वाचायला सांगितलं. नाही सापडला. ठपका बहुधा उशिरा सांगण्यावरून येतो, आणि इथे तर तारखेला महिन्याहून जास्त अवधी होता.

पुढची पावलं या भागात ‘दुसऱ्या चाचणीची तयारी करणे’ असं लिहिलं होतं. त्याऐवजी कोण, काय पूर्ण करेल, कोणत्या तारखेला, असं लिहिलं. आणि वरिष्ठांकडून हवा असलेला निर्णय तळातून उचलून रंगाच्या लगेच खाली आणला: ‘१३ मेपर्यंत निर्णय हवा. ऑपरेशन्समधली दोन माणसं १४ मेपासून दहा कामाचे दिवस मिळाली तर १५ जून टिकेल; नाहीतर २९ जून ही तारीख मान्य करावी लागेल.’ दोन्ही पर्याय त्यांच्या किमतीसकट समोर ठेवले, की वरिष्ठांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं.

कामांची यादी काढताना ते अडून बसले. टीमने रात्री जागून केलेलं काम दिसणारच नाही, ही त्यांची हळहळ खरी होती. मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावायला सांगितला: ही ओळ काढली तर वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल का? दोन ओळी उरल्या. बाकीची यादी प्रकल्पाच्या फाइलमध्ये गेली आणि टीमच्या कामाची नोंद त्यांनी नावांसकट वेगळ्या मेलने वरिष्ठांना कळवली. सगळं बसवायला अक्षरं बारीक करणं मात्र मी करू दिलं नाही.

रिपोर्ट पाठवण्याआधी त्यांनी प्रकल्पाच्या प्रायोजकांना फोन करून रंग बदलतोय हे सांगितलं. ही पायरी तुम्हीही सोडू नका. इतरांसमोर कागदावर पहिल्यांदा पिवळा रंग पाहणारा माणूस मजकुराआधी धक्क्यालाच उत्तर देतो. आणि तुमच्याकडे पिवळा दिसताच माणसावर तुटून पडण्याची रीतच असेल, तर नुसत्या शब्दांच्या दुरुस्तीने ती मोडणार नाही. तिथे रंगांचा नियम प्रायोजकांसोबत समोरासमोर बसून, शांत काळात, आधीच मान्य करून घ्यावा लागतो.

त्यांनाही रिपोर्ट गेल्यावर फोन आलाच. पण या वेळचा प्रश्न होता, ‘एकच माणूस दिला तर?’ त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: मग ६०० नोंदी उरतील, म्हणजे दीड टक्का, आणि चाचणी तरीही मर्यादेबाहेर जाईल. दुसऱ्या दिवशी दोन माणसं मंजूर झाली.