जुनी ई-स्कूटर घेताय? आधी युनिट मोजा

डिस्प्लेवरच्या 100 टक्क्यांवर जाऊ नकोस भावा, बॅटरी खराब झाली तरी फुल चार्जला तो 100च दाखवतो. मालकाला सांग गाडी 20 टक्क्यांवर आणून ठेवा, आणि प्लगमध्ये लावायचा युनिट मीटर घेऊन जा, स्वस्तात मिळतो. समज बॅटरी 3 किलोवॅट-अवरची आहे, तर 20 ते 100 म्हणजे 2.4 युनिट, चार्जरमध्ये दहाएक टक्के वाया जातात ते धरून मीटरवर 2.7च्या आसपास यायला पाहिजे. 2.1च आले तर बॅटरी 78 टक्क्यांवर आलीय समज, त्या हिशोबाने भाव पाड. तीनचार तास बसावं लागतं, मालक कंटाळतो, कंटाळू दे. टक्क्यांचा आकडाही थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून नंतर चढावर पळवून बघ, 30च्या खाली एकदम 12वर आली तर एखादा सेल गेलेला असू शकतो, मग सोडून दे.