खात्यात 1,850 दिसतात, पण काढता येतात 0. असं का?

प्रश्न: भाऊ, पैजेच्या ॲपवर कापसाच्या चुकाऱ्यातले 500 टाकले होते, वरून 500 बोनस भेटला. आता ॲपवर 1,850 दिसून राह्यले, पण काढाले गेलो तर 0 म्हणते. काहून?

उत्तर: कारण तो आकडा रोख आणि बोनस अशा दोन खिशांची बेरीज आहे आणि तुमचा रोख खिसा रिकामा झालाय.

बहुतेक ठिकाणी पैज आधी रोख रकमेतून कापली जाते. जिंकलं की पैसे ज्या खिशातून पैज लागली त्याच खिशात परततात. समजा, मध्ये तुमचे 500 चे 800 झाले होते. तेव्हाच काढले असते तर साधारणपणे 800 हातात आले असते, फक्त बोनस रद्द झाला असता. तुम्ही खेळत राहिलात, रोख संपली, मग बोनसचे 500 वाढून 1,850 झाले. ते सगळे कुलपात.

कुलूप कसं उघडतं? अट बोनसच्या 20 पट असेल तर 500 × 20, म्हणजे 10,000 च्या पैजा लावाव्या लागतात. अनेकदा त्यात फक्त बोनसमधून लावलेल्याच मोजतात. खेळवणारा शंभरामागे सरासरी 4 ठेवत असेल, तर 10,000 फिरवताना 400 जातात. वर काढण्याची कमाल मर्यादा असली तर अजून कात्री.

काही ठिकाणी बोनस आधी कापतात. मग पहिलीच पैज जिंकली तरी पैसे अडकतात. व्यवहारांच्या यादीत पहिली पैज कुठून कापली ते बघा, लगेच कळतं.

आणि हो, 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ देशात बंद आहेत. कापसाच्या चुकाऱ्यातले अजून 500 त्यात टाकू नका.