घड्याळाने दार उघडायचंय? आधी किल्ली घराबाहेर ठेवा

दाराला स्मार्ट कुलूप असेल तर स्मार्ट घड्याळ टेकवून दार उघडतं, छान आहे. पण नवीन माणूस घड्याळाच्या चार्जिंगची काळजी करतो आणि कुलपातले सेल विसरतो. घड्याळ बंद पडलं तर पिन टाकून आत जाता येतं. कुलूपच मेलं तर पिनही चालत नाही.

अशा वेळेसाठी बऱ्याच कुलपांना खालच्या बाजूला दोन धातूचे ठिपके असतात (काहींना टाइप-सी). त्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची, धरूनच पिन टाकायचा. कीपॅड उजळला नाही तर बॅटरी उलटी करून पाहा. ती फक्त तेवढ्यापुरती वीज देते, सेल चार्ज करत नाही. आत गेल्यावर सगळे सेल एकदम बदला. शक्यतो अल्कलाइनच घाला.

आतलं सर्किटच गेलं, तर मात्र धातूची किल्लीच. ती बहुतेकांच्या घरात खोक्यासकट कपाटात असते, म्हणजे नेमकी बंद दाराआड! एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे द्या. त्याआधी दार उघडं ठेवून ती फिरवून बघा; किल्लीचं भोक बऱ्याचदा छोट्या झाकणाखाली लपलेलं असतं. आणि आतून कडी लावलेली असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, बेलच वाजवा.