गाण्याच्या ओळी हलत्या करताना जोडाक्षर का फुटते?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाण्यांचे शब्द पडद्यावर तालात हलवणारे व्हिडिओ मी इंग्रजी धडे बघून शिकलो. इंग्रजी गाण्यांवर काम चांगले जमते, पण मराठी गाण्यावरचा नमुना एका स्टुडिओने ‘अक्षरे फुटतात, ताल चुकल्यासारखा वाटतो’ असे सांगून परत केला. हा अभ्यासक्रम सोडून मोशन ग्राफिक्सचा पूर्णवेळ कोर्स करावा का? की या क्षेत्राचा नाद सोडावा?

उत्तर : अभ्यासक्रम सोडू नका आणि क्षेत्रही सोडू नका. स्टुडिओने दाखवलेले दोन्ही दोष एकाच कारणातून आलेले दिसतात आणि ते कारण सॉफ्टवेअर कमी येण्याचे नाही. इंग्रजीत एक कळ दाबली की एक अक्षर उमटते, त्यामुळे तिथले बहुतेक धडे ओळीचे तुकडे कळांप्रमाणे पाडतात. देवनागरीत हलवण्याचे एकक कळ नसून आपल्या सर्व मात्रांसह उभे असलेले पूर्ण अक्षर असते. ते कुठून कुठपर्यंत आहे आणि त्याला कुठे कापता येते, हे अक्षररचनेच्या अभ्यासातून कळते. तो अभ्यास तुम्ही सध्या करतच आहात. सॉफ्टवेअर त्याला जोड म्हणून शिकता येईल.

सरावासाठी मी एक ओळ सुचवतो : ‘सूर्य बुडाला क्षितिजामागे’. संगणकात ‘सूर्य’ हा शब्द पाच चिन्हांनी साठवलेला असतो : स, ऊकार, र, हलन्त आणि य. डोळ्याला मात्र त्यात ‘सू’ आणि ‘र्य’ अशी दोनच अक्षरे दिसतात. मजकूर एकेका चिन्हाने उलगडणारे सूत्र या शब्दाला लावले, तर पडद्यावर आधी ‘सू’ येतो, मग शेजारी अख्खा ‘र’ उभा राहतो, मग त्याचा पाय मोडून ‘र्’ होतो आणि शेवटी तो एकदम उडी मारून ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘क्षि’च्या बाबतीत ‘क’, ‘क्’, ‘क्ष’ अशी रूपे एकामागून एक बदलतात आणि शेवटी आलेली वेलांटी डावीकडे घुसून सगळ्या अक्षराला उजवीकडे ढकलते. ओळ मध्यावर जुळवलेली असेल, तर अशा प्रत्येक ढकलण्याबरोबर संपूर्ण ओळ थरथरते. तुमच्या नमुन्यात हेच झाले आहे का, हे पाहायचे असेल तर तो एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. मध्येच सुटा हलन्त, एकटी वेलांटी किंवा ठिपक्यांचे वर्तुळ दिसले, तर निदान पक्के समजा.

यावर पहिला इलाज मजकूर बसवतानाच करायचा असतो. After Effects या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत काम करत असाल, तर Preferences मधील Type या विभागात Text Engine भारतीय लिप्यांसाठीचे, म्हणजे South Asian and Middle Eastern, निवडलेले आहे ना, हे पाहा. ते लॅटिनवर राहिले असेल तर जोडाक्षरे जुळणारच नाहीत. फॉन्ट युनिकोडचा असावा. सुरुवातीला मुक्त परवान्याचे Mukta किंवा Baloo हे फॉन्ट पुरेसे आहेत. गीताचा मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमधून आलेला असेल, तर तो साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे अगम्य लॅटिन चिन्हे दिसली, तर आधी मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासून घ्या, कारण अशा रूपांतरात रफार आणि वेलांटी हमखास जागा सोडतात. चाचणीसाठी ‘दुसऱ्या’ हा शब्दही लिहून बघा. त्यातला ‘ऱ्य’ नीट उमटत नसेल, तर तो फॉन्ट मराठी गाण्याच्या कामाचा नाही.

मजकूर नीट बसला तरी हलवण्याचा प्रश्न उरतोच. अॅनिमेटरच्या Range Selector मध्ये Characters हा पर्याय जोडाक्षराच्या हद्दी पाळेलच असे धरून चालू नका. पूर्ण शब्द हलवायचा असेल तेव्हा Words हा पर्याय सुरक्षित असतो. अक्षरागणिक हालचाल हवी असेल, तर मी हाताने तुकडे करण्याचाच सल्ला देईन. ओळ Illustrator मध्ये बसवून Create Outlines करा. त्यानंतर ‘क्षि’ची वेलांटी एक आकार आणि ‘क्ष’ दुसरा आकार, तसेच ‘र्य’चा रफार वेगळा आणि ‘य’ वेगळा, असे सुटे भाग हाती येतील. ते अक्षराप्रमाणे गटात बांधा. आपल्या ओळीत असे दहा गट होतात : सू, र्य, बु, डा, ला, क्षि, ति, जा, मा, गे. प्रत्येक गट स्वतंत्र थरावर ठेवून फाइल After Effects मध्ये Composition – Retain Layer Sizes या पर्यायाने घ्या. दहा अक्षरांचे काम हाताने करणे कंटाळवाणे वाटेल, पण रफाराने कोणाबरोबर जायचे हा निर्णय इथे तुमच्या हातात राहतो, आणि तुमच्या कामाची पारख होणार आहे ती याच निर्णयांवरून.

आता शिरोरेषा. फॉन्टमधल्या शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणून रेघ अखंड दिसते. अक्षरे वेगळ्या थरांवर नेऊन त्यांची अपारदर्शकता पन्नास टक्के केली, की जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे ती पंच्याहत्तर टक्के होते आणि प्रत्येक सांध्यावर गडद ठिपका उमटतो. तो टाळायला चढलेला भाग छाटला, तर कडांमध्ये केसाएवढी फट दिसू लागते. त्यामुळे विरत येणे किंवा विरत जाणे हा परिणाम एकेका अक्षराला देऊ नये. तो शब्दाचे सर्व थर एका प्रीकॉम्पमध्ये, म्हणजे एकाच थरासारख्या वागणाऱ्या गटात, घेऊन त्या प्रीकॉम्पला द्यावा. बाह्यरेषा द्यायची असेल तर तीच अडचण उलट बाजूने येते, कारण सांध्यावर उभ्या रेघा उमटतात. तिथे बाह्यरेषांची वेगळी प्रत सगळ्यात खालच्या थरावर ठेवून वर भरीव अक्षरे ठेवली, की सांधे झाकले जातात. अक्षरांमधले अंतर वाढवत नेण्याची इंग्रजी धड्यांतली आवडती चाल मात्र आपल्याला सोडावीच लागते, कारण अंतर वाढताच शिरोरेषेचे तुकडे पडतात.

शिरोरेषा वेगळी काढून तीच आधी ओढावी आणि मग अक्षरे तिच्याखाली उमलावीत, ही रचना मला मनापासून आवडते, कारण लॅटिन लिपीत ती शक्यच नाही. अशा वेळी प्रत्येक अक्षराचा आसबिंदू, म्हणजे Anchor Point, शिरोरेषेवर ठेवावा, म्हणजे उंची शून्यापासून वाढताना अक्षर रेघेला लटकूनच वाढेल. पण ‘भ’ आणि ‘ध’ यांच्यावरची रेघ मध्ये सोडलेली असते, हे विसरू नका. पुढच्या ओळीत ‘नभ’ किंवा ‘धुके’ आले आणि तुम्ही सबंध शब्दावर सरसकट रेघ ओढली, तर ‘भ’ हा ‘म’सारखा आणि ‘ध’ हा ‘घ’सारखा वाचला जाईल. काही सेकंदच दिसणाऱ्या शब्दात वाचकाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मूळ फॉन्टची रेघ जिथे सुटते, तिथेच तुमचीही रेघ सुटली पाहिजे.

ताल चुकल्यासारखा का वाटला, याचेही उत्तर याच ओळीत सापडते. गाण्याची गती मिनिटाला 96 ठोके आणि व्हिडिओ सेकंदाला 24 फ्रेमचा असेल, तर एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम मिळतात आणि आठ ठोक्यांची ओळ 120 फ्रेममध्ये बसते. समजा गायकाने ‘सू’ दोन ठोके लांबवला आणि ‘य’ 30व्या फ्रेमवर घेतला. लिहिताना आपण ‘सू’ आणि ‘र्य’ असे तोडतो, पण गाताना ‘सूर्’ आणि ‘य’ असे तुटते. ‘र्’चा उच्चार ‘य’च्या आधीच, साधारण 26व्या फ्रेमच्या आसपास, ऐकू येतो, आणि रफार तर ‘य’च्या डोक्यावर आहे. ‘र्य’ हे अक्षर 30व्या फ्रेमवर एकदम आणले, तर कानाला आधी लागलेला ‘र्’ डोळ्याला उशिरा दिसतो आणि पाहणाऱ्याला कारण न कळता ते ढिले वाटते. एकटा रफार आधी आणणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तो रिकाम्या जागेत लटकताना दिसतो. पूर्ण ‘र्य’चे आगमन 26व्या फ्रेमला सुरू करून ते 30व्या फ्रेमला स्थिर करावे.

‘क्षि’लाही हेच लागू पडते. ठोका इकारावर पडतो, पण ‘क्ष’चा घर्षणध्वनी त्याच्या आधीच सुरू झालेला असतो, म्हणून ‘क्षि’ ठोक्याच्या तीन-चार फ्रेम आधी हलायला लागला पाहिजे. स्वर ऐकू येईल तसतसा रंग डावीकडून उजवीकडे सरकवण्याची कराओकेची पद्धत इथे फसते, कारण सर्वांत शेवटी गायल्या जाणाऱ्या इकाराची वेलांटी सर्वांत डावीकडे असल्याने ती आधी रंगते. रंग बदलायचाच असेल तर एका अक्षराचा एकाच वेळी बदला. या वेळा कागदावर ठरवू नका. ध्वनितरंग पडद्यावर मोठा करून, आवाज अर्ध्या गतीने ऐकत, प्रत्येक स्वर सुरू होतो तिथे मार्कर ठेवा. ज्याने गाणे कधी म्हटलेले नाही, त्याने ओळ स्वतः म्हणून पाहिल्याशिवाय हे मार्कर लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

करिअरच्या दृष्टीने पुढचे पाऊल असे घ्या. ज्याचे हक्क तुमच्याकडे किंवा ओळखीच्या गीतकाराकडे आहेत, अशा गीताच्या चार ओळी निवडून वीस सेकंदांचा एकच नमुना तयार करा. त्या ओळींत रफार, ऱ्हस्व वेलांटी, किमान दोन जोडाक्षरे आणि ‘भ’ किंवा ‘ध’ असलेला एक शब्द मुद्दाम घ्या. नमुन्यासोबत एका पानावर तीन फ्रेम छापा : ‘र्य’ अर्धा आलेला असतानाची, विरत जाणाऱ्या शब्दाच्या सांध्याची मोठी केलेली, आणि शिरोरेषा ओढली जात असतानाची. स्टुडिओत काम पाहणारा माणूस व्हिडिओ एकदाच बघतो, पण या तीन फ्रेमवर थांबतो. कामाची फाइल देताना मूळ युनिकोड मजकूर एका बंद थरावर तसाच ठेवा, कारण गीतात एखादा शब्द बदलला तर आकृतीत रूपांतरित झालेले अक्षर सुधारता येत नाही आणि ओळ नव्याने बसवावी लागते.

पूर्णवेळ कोर्सचा विचार पदवी झाल्यावर करा. तोवर अॅनिमेशनचा वेग आणि संथपणा हाताळण्यासाठी Graph Editor आणि अक्षरांचे आकार हलवण्यासाठी शेप लेअर, एवढे दोनच विषय घेऊन रोज थोडा सराव करा. महाविद्यालयात बोरूने किंवा कटनिबने सुलेखन शिकवले जात असेल, तर तो तास बुडवू नका. कोणती रेघ कुठून सुरू होते आणि हात कुठे उचलला जातो, हे त्या तासाला हातात बसते, आणि अक्षर पडद्यावर उलगडताना तोच क्रम वापरायचा असतो. त्याच स्टुडिओकडे नवा नमुना पाठवताना जुन्या नमुन्याचे नाव घालून, कोणता दोष कसा दुरुस्त केला हे दोन वाक्यांत लिहा आणि कामाची मागणी ‘मोशन ग्राफिक्स’ अशी सर्वसाधारण न करता ‘देवनागरी गीतशीर्षके आणि शब्दचित्रण’ अशी नेमकी करा.