लेखन सुधारलं, पण परत वाचत नाही : प्रगतिपुस्तकात काय लिहू?

प्रश्न : मी सातवीला मराठी शिकवते. एका मुलाचं लेखन या सत्रात खरंच बदललं, पण लिहून झालं की परत न वाचताच वही टेबलावर आणून ठेवतो. नुसतं कौतुक लिहिलं तर तो तसाच राहील, उणीव लिहिली तर घरी तेवढीच वाचली जाईल. नेमकी नोंद कशी करू?

उत्तर : लेखणी उचलण्याआधी त्याच्या चुका वेगळ्या करा. काही न वाचल्यामुळे राहतात, काही माहीतच नसल्यामुळे. एका शाळेतल्या बाई अशाच एका मुलाची निबंधवही घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. पहिल्या सत्राच्या नोंदी भरायच्या होत्या आणि त्यांनी कच्चं लिहून आणलं होतं : 'लेखनात प्रगती चांगली, परंतु निष्काळजीपणा करतो. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

वही पाहिली. जूनमधल्या निबंधात सगळी वाक्यं 'आहे'वर संपलेली. दिवाळीआधीच्या निबंधात मात्र आठवडी बाजार होता, भाव करणारी आजी होती, तिचं आणि भाजीवाल्याचं बोलणं होतं, परिच्छेदही पाडलेले. त्याच पानावर 'पिशवी उघली', 'भाजी भाजी घेतली', 'मुलाना' असं बरंच काही.

मी बाईंना सुचवलं की या निबंधाची, लाल खुणा नसलेली प्रत त्याला दुसऱ्या दिवशी द्या. दहा मिनिटं, पेन्सिल, आणि सूचना एवढीच की खटकेल तिथे रेघ मार. लगेच दिलं तर मुलं कागदावरचं वाचत नाहीत, मनातलं वाचतात, म्हणून मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. बाईंनी काढलेल्या सतरा चुकांपैकी अकरा त्याने स्वतः शोधल्या. गळलेली अक्षरं, दोनदा आलेला शब्द, राहिलेले पूर्णविराम आणि बरेचसे अनुस्वार. उरलेल्या सहा सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या : 'गरीबाला', 'फूलांचा', 'बाजारातिल'. 'गरीब' दीर्घ, मग 'गरीबाला'ही दीर्घच, हा त्याचा हिशेब. प्रत्यय लागला की तिथली वेलांटी ऱ्हस्व होते, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. अशी चूक त्याने दहा वेळा वाचली तरी त्याला बरोबरच दिसणार. ती शिकवण्याची बाब आहे, त्याच्या नोंदीत तिचं काम नाही.

मग तो परत वाचत का नव्हता? विचारल्यावर म्हणाला, "वाचलं की खोडावं लागतं. खोडलं की वही घाण दिसते, नीटनेटकेपणाचे गुण जातात." बाई हसल्या, कारण गुण त्याच देत होत्या. माझ्या मते हे बऱ्याच वर्गांत होतं : दुरुस्त करणाऱ्याचं नुकसान आणि न वाचणाऱ्याची वही स्वच्छ. बाईंनी नियम बदलला. एक आडवी रेघ मारून वर बरोबर शब्द लिहिला, तर गुण कापायचे नाहीत.

नोंदीसाठी प्रगतिपुस्तकात जागा जेमतेम दोन ओळींची. शेवटी त्यांनी असं लिहिलं :

विशेष प्रगती : पाहिलेला प्रसंग बारकाव्यांसह, परिच्छेद पाडून लिहितो. संवाद ओघात येतात.

सुधारणा आवश्यक : लेखन संपल्यावर पाच मिनिटे परत वाचावे. गळलेली अक्षरे व अनुस्वार त्याचे त्याला सापडतात.

'परंतु' गेला, कारण त्याच्या आधीचं सगळं घरी पुसलं जातं. 'निष्काळजीपणा'ही गेला. तो शब्द स्वभावावर बोट ठेवतो, आणि वडील तोच उचलून रागावतात. दुसऱ्या रकान्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मुलाला हे जमतं, फक्त तो करत नाही, हे त्यातून पालकांना कळतं. पण दुसऱ्या दिवशीचा कागद हातात असेल तरच ते लिहावं, अंदाजाने नाही.

पालकभेटीत बाईंनी आईला सांगितलं की चुका तुम्ही दाखवू नका, त्याला मोठ्याने वाचायला लावा. मोठ्याने वाचताना गळलेलं अक्षर अडखळवतं. अनुस्वार मात्र निसटतो, कारण बोलताना आपण 'मुलाना'च म्हणतो. त्यासाठी शेवटच्या वाक्यापासून वर, एकेक वाक्य सुटं वाचायचं.

तुमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशीही गळलेली अक्षरं दिसली नाहीत, किंवा स्वतःचंच लिहिलेलं वाचताना तो सारखा अडखळला, तर 'परत वाचावे' असं लिहू नका. आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. डोळे ठीक असतील तर पालकांशी समोरासमोर बोलून वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवा. प्रगतिपुस्तकात त्याबद्दल काही लिहायचं नाही.