चार कंपन्या, पण सोडल्या किती?

“सर, माझं आयटीआय झालंय, मशिनिस्ट ट्रेड. सव्वादोन वर्षांत चार कंपन्या झाल्या. आता जिथं मुलाखतीला जाईन तिथं पहिला प्रश्न तोच, ‘कुठंच टिकत नाहीस होय?’ गुत्तेदार बदलला तर माझी काय चूक? पण असं बोललो की कारण सांगतोय असं त्यांना वाटतंय. दोन कंपन्या बायोडाटातून काढूनच टाकू का?”

काढू नका, हे आधी सांगतो. ज्या नोकरीत पीएफ कापला गेला, ती तुमच्या यूएएन क्रमांकाखाली नोंदलेली असते. कारखान्याच्या एचआरने तुमच्याकडून त्या नोंदीची प्रत मागितली की लपवलेली नोकरी तिथं दिसते, आणि मग प्रश्न टिकण्याचा राहत नाही, खोटं बोलण्याचा होतो.

हा प्रश्न घेऊन आलेला तरुण 24 वर्षांचा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला. पहिल्या बैठकीत बायोडाटा बाजूला ठेवला आणि त्याला पीएफच्या सदस्य पोर्टलवर (unifiedportal-mem.epfindia.gov.in) लॉगिन करून View मधलं Service History उघडायला सांगितलं. तिथं चार नावं होती. शेजारी कोऱ्या कागदावर त्याच्याच तोंडून कामाचा क्रम लिहून घेतला, तेव्हा चित्र वेगळं निघालं.

सप्टेंबर 2022 ते मार्च 2023, सात महिने, उद्यमबागेतल्या जॉबवर्कच्या कारखान्यात व्हीएमसी या संगणकीकृत मिलिंग मशीनवर ऑपरेटर. ऑर्डरी कमी झाल्या आणि शेवटी घेतलेल्या पोरांना आधी थांबवलं. मग मे 2023 ते जानेवारी 2024, नऊ महिने, मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुत्तेदारामार्फत. फेब्रुवारी ते जून 2024, पाच महिने, त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर, फक्त गुत्तेदार नवा. शेवटी ऑगस्ट ते नोव्हेंबर 2024, चार महिने, कागलच्या एमआयडीसीत.

म्हणजे कारखाने तीनच. कंत्राटी कामगाराच्या पीएफमध्ये बहुधा गुत्तेदाराच्या आस्थापनेचं नाव येतं, ज्या कारखान्यात घाम गाळला त्याचं येत नाही. त्यामुळं मच्छेचे सलग चौदा महिने कागदावर दोन तुकडे होऊन दिसत होते, आणि तोही ते तसेच सांगत होता. आपल्या भागात ही गफलत फार पोरांच्या बाबतीत होते.

बायोडाटात ती नोंद आता अशी झाली: आधी कारखान्याचं नाव आणि काम, ‘मे 2023 ते जून 2024, 14 महिने’, आणि खालच्या ओळीत ‘कंत्राटदार 1’, ‘कंत्राटदार 2’ त्यांच्या नावा-तारखांसह. नावं लिहायलाच हवीत, नाहीतर पीएफच्या नोंदीशी ताळा बसणार नाही.

दुसरी अडचण त्याच्या लक्षातच आली नव्हती. पहिल्या गुत्तेदारानं नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. त्यामुळं नोंद पाहणाऱ्याला तो जानेवारी 2024 नंतरही तिथंच आहे आणि शिवाय दुसरीकडेही आहे असं दिसायचं. एका ठिकाणी सगळं ठरल्यावर अचानक ‘नंतर कळवतो’ असं उत्तर मिळालं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण अशी नोंद संशयाला पुरेशी असते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर ही तारीख कामगाराला स्वतः भरता येते. Manage मध्ये Mark Exit निवडायचं, ती आस्थापना निवडायची, तारीख आणि कारण भरायचं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, म्हणून जुनं सिम बंद असेल तर आधी आधारमध्ये नंबर बदलून घ्यावा लागतो. तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच असावी लागते. त्यानं 31 जानेवारी 2024 भरली. एकदा भरलेली तारीख स्वतःला सहज बदलता येत नाही, तेव्हा पासबुक समोर ठेवूनच भरावी.

हे झाल्यावर खरा नाजूक भाग उरला: कागल. ती नोकरी त्यानं स्वतः सोडली होती, नोटीस न देता. खोलीभाडं आणि खानावळ जाऊन हातात फारसं उरत नव्हतं, आणि दिवाळीला घरी आला तो सुट्टी संपल्यावर परत फक्त हिशेबासाठी गेला. बाकी तीन ठिकाणी काम संपलं किंवा कंत्राट संपलं. इथं निर्णय त्याचा होता. मुलाखतीत मात्र तो चारही ठिकाणांची एकच कैफियत मांडायचा, गुत्तेदार असे नि मालक तसे. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा उद्या आपल्याबद्दलही असंच बोलणार. म्हणून काम कुणी थांबवलं आणि आपण कुठं सोडलं, हे वेगळं करून सांगायचं, आणि आपलं सोडणं स्वतःच्या तोंडानं आधी सांगायचं.

घोकंपट्टी होऊ नये म्हणून त्याला उत्तराचा फक्त क्रम दिला: काम, एकूण काळ, थांबण्याची कारणं, स्वतःची चूक, आणि इथं काय वेगळं आहे. चार-पाच वेळा बोलून पाहिल्यावर ते असं बसलं:

“व्हीएमसीवर दोन वर्षं एक महिना काम झालंय, त्यातले चौदा महिने सलग मच्छेत एकाच मशीनवर. ऑफसेट घेणं, टूल बदलणं, पहिला पीस तपासणं मी स्वतः करतो. उद्यमबागेत ऑर्डर कमी झाल्या म्हणून थांबवलं, मच्छेत कंत्राट संपलं. कागल मी स्वतः सोडलं आणि नोटीस दिली नाही, ती माझी चूक. राहण्याचा खर्च मी आधी मोजला नव्हता. इथं मी गावाहून बसनं येणार, भाड्याची खोली लागणार नाही.”

एवढं बोलायला पाऊण मिनिट लागतं. त्यानंतर गप्प बसायचं. त्याला हेच सर्वात जड गेलं. समोरचा काही बोलला नाही की तो पुन्हा गुत्तेदाराच्या गोष्टीत शिरायचा. शेवटचं वाक्य मात्र खरं असलं तरच म्हणावं. मच्छे आणि उद्यमबाग खानापूर रस्त्यावरच आहेत, त्यामुळं त्याच्या तोंडी ते शोभतं. बेळगावच्या पलीकडं होनग्याला किंवा हत्तरगीला अर्ज केला असता तर रोजच्या प्रवासाचा हिशेब आधी करावा लागला असता.

मुलाखत घेणारे कन्नड बोलणारे असू शकतात. ‘गुत्तिगे मुगीतु’, म्हणजे कंत्राट संपलं, एवढं तरी कन्नडमधून सहज निघायला हवं, नाहीतर नेमक्या याच प्रश्नाला अडखळणं होतं आणि ते लपवाछपवीसारखं दिसतं.

कागदांपैकी मच्छेच्या शिफ्ट सुपरवायझरचा नंबर त्यांना विचारूनच दिला. कागलहून कार्यमुक्तीचं पत्र मिळालं नाही. नोटीस न दिल्यावर ते मागून मिळेलच असं नसतं. त्याऐवजी शेवटची पगारपावती जोडली आणि अर्जात ‘नोटीस पूर्ण केली नाही’ असं लिहिलं. पीएफ न कापलेलं, दोन-तीन आठवड्यांचं एखादं काम असेल तर ते बायोडाटात नसलं तरी चालतं, पण अर्जात ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना असेल तर तेही लिहावं.

याच वाटेनं सगळ्यांचं सुटेल असं नाही. चारही ठिकाणं स्वतःच, नोटीस न देता सोडली असतील, तर मांडणी बदलून काही होत नाही; तिथं मिळेल त्या कामावर निदान वर्षभर राहून मगच पुढचा अर्ज करावा. या तरुणाला मच्छेत दुसऱ्या एका कारखान्यानं सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. सुपरवायझरला त्यांनी फोन केला, आणि विचारलं ते एवढंच: सकाळच्या पाळीला वेळेवर येत होता का?