मरणाची आठवण आणि ‘आपलं’पण

वैकुंठ स्मशानभूमीतून परतल्यावर माणसं रीतीभातींबद्दल एकदम कडक का होतात?

टेरर मॅनेजमेंट थिअरीनुसार मरणाची भीती झाकायला माणूस आपल्यामागे उरणाऱ्या गोष्टींना घट्ट धरतो: भाषा, जात, देश, रीतीभाती. 1989 च्या प्रयोगात 22 अमेरिकन न्यायाधीशांपैकी निम्म्यांना आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलं. वेश्याव्यवसायाच्या काल्पनिक खटल्यात त्यांनी सरासरी 455 डॉलर जामीन लावला, बाकीच्यांनी 50.

पुण्यात करून बघायचं तर मरणावर लिहून झाल्याझाल्या मत विचारू नका. तेव्हा माणूस ‘मी अजून धडधाकट आहे’ म्हणून स्वतःची समजूत काढत असतो. मध्ये पाच मिनिटं शब्दकोडं द्या. दुसऱ्या गटाला दातदुखीवर लिहायला लावा, नाहीतर फरक मरणाचा की नुसत्या नकोशा विषयाचा, हे कळणार नाही. माणसं मात्र भरपूर घ्या. या सिद्धांताचा दुसरा एक गाजलेला प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसलाच नाही.